अडतिसावा दिवस

वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाईंना दोन वर्षांनी धाकट्या भावाकडून काही आलं, तेही वकिलामार्फत. पोचपावतीवर सही करून त्यांनी खळीचे हात पुसले आणि पाकीट उघडलं. शिलाई यंत्रासाठी भावाने पैसे उसने दिले होते, तेव्हा त्यांनी सही करून दिलेला कोरा चेक आता रक्कम आणि तारीख घालून बँकेत गेला होता आणि खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून परत आला होता. पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर फौजदारी तक्रार.

विचारायला घरात कोणी नव्हतं. पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमध्ये त्या एकट्याच जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेल्या.

"सही तुमचीच?"

"माझीच. पण पैसे फेडलेत. भावजय म्हणाली, माझ्या खात्यात टाका. टाकले. चेक मागायचं राहिलं. पुढे ती त्याला सोडून गेली."

"सही तुमची, म्हणजे देणं होतं असं कोर्ट धरून चालतं. चेक नुसता तारण होता, देणं फिटलंय, हे तुम्ही दाखवायचं. बँकेचा उतारा आहे, पण भावजयीला दिलेले पैसे भावाला पोचले का, यावर वाद होईल." वकीलबाईंनी नोटिशीला जोडलेला, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो पाहिला, बोटांवर दिवस मोजले. "ही मात्र त्यांची मोठी चूक. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस धाडायची असते. त्यांनी अडतिसाव्या दिवशी धाडली. या नोटिशीवर केस टिकणार नाही."

"मग?"

"मग गप्प बसा. चेकच्या तारखेला तीन महिने व्हायला पाच आठवडे आहेत, मग तो बाद होतो. आपण आत्ता तोंड उघडलं, तर चूक त्यांच्या ध्यानात येईल, तो चेक पुन्हा टाकतील आणि या वेळी नोटीस वेळेत देतील."

गप्प बसणं बाईंना नवीन नव्हतं. दोन वर्षं दोघंही तेच करत होते. तो समजत होता बहिणीने पैसे बुडवले, ही समजत होती भाऊ तुटला.

"उत्तर लिहा," त्या म्हणाल्या. "तारखांचं नको. फक्त उतारा जोडा."

"धोका आहे, बाई."

"असू दे. पैसे फेडलेत हे त्याला माहीतच नाही."

उत्तर गेलं. पुढचे आठवडे पोस्टमनची सायकल वाजली की त्या सुई थांबवत. चेक पुन्हा बँकेत गेला नाही, तक्रारही झाली नाही. चेकची मुदत टळून गेल्यावर एका दुपारी फोन आला.

"तू पैसे दिलेस हे तिने मला कधी सांगितलंच नाही," भाऊ म्हणाला.

"मला तरी कुठे ठाऊक होतं."

"चेक फाडलाय," तो म्हणाला. येतो म्हणाला नाही, ये म्हणाला नाही. फोन ठेवल्यावर बाईंनी अर्धी शिवलेली वही पुढे ओढली, पण टाका कुठवर आला होता ते काही केल्या त्यांना सापडेना.