पंप म्हणजे पाणीच

सांगलीकडच्या एका मेडिकल कॉलेजात, नाव घेऊन कशाला कुणाची अब्रू काढायची, हंबीरराव सर पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. वाळव्याकडचा गडी. घरी ऊस, विहिरीवर इंजिन, थोरला भाऊ फौजेत. इंग्रजी पुस्तकातलं अवघड प्रकरण खेड्यातल्या पोरांच्या गळी उतरवायचं तर हंबीररावांनीच, असं सगळे म्हणत. खुद्द हंबीररावही म्हणत, आणि जरा जास्तच.

त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरला, त्यांनी पेशी फुगत का नाही ते शिकवलं. सुरुवात झकास झाली. पेशीच्या आत मोठमोठी प्रथिनं असतात, त्यांच्यावर ऋण भार असतो, आणि पेशीच्या पातळ पडद्यातून त्यांना बाहेर पडता येत नाही. आत कोंडलेली ती प्रथिनं, आणि त्यांचा भार फेडायला त्यांच्याभोवती अडकून राहिलेले धन भाराचे कण, यांनी आतली गर्दी बाहेरच्यापेक्षा वाढते. गर्दी जिकडं जास्त, तिकडं पाणी शिरतं. इथवर एका अक्षराची चूक नाही.

"मग पेशी फुटत का न्हाई?" सरांनी विचारलं. लगेच स्वतःच उत्तर दिलं. "आरं, तिला पंप हाय! सोडियम पंप! विहिरीवरचं इंजिन बघितलंय न्हवं? झरा पाझरतोय, इंजिन उपसतंय. पाणी आलं की काढ बाहेर, आलं की काढ बाहेर!"

पोरं खूश झाली. आपल्याकडं पंप म्हटलं की डोळ्यांपुढं पाणीच येतं, त्यात पोरांचा काय दोष? आणि सरांचाही तेवढा एकच दोष असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

तिसऱ्या बाकावरची परवीन उठली. आष्ट्याच्या इलाही खाटकाची ही मुलगी, घराण्यात कॉलेज बघणारी पहिली. भीत भीत म्हणाली, "सर, आमचे अब्बा कातड्याला मीठ लावतात. मग कातड्यातलं पाणी आपसूक मिठाकडं येतं, कुणी उपसत नाही. तर हा पंप पाणी काढतो, का मीठ काढतो?"

प्रश्न नुसता बरोबर नव्हता, प्रश्नातच उत्तर होतं. पण सरांचा सूर ऐन रंगात आला होता. ते म्हणाले, "बाई, हे कॉलेज हाय, खाटीकखाना न्हवं. पंप म्हंजे पाणीच."

सगळा वर्ग खो खो हसला. परवीन खाली बसली आणि सरांनी सांगितलं तेच तिनं वहीत लिहून घेतलं.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा हंबीररावांनी उजळणी करायला म्हणून पुस्तक काढलं. ते पान आलं आणि त्यांनी ते तीनदा वाचलं. पंप पाण्याला शिवतसुद्धा नव्हता. तो मिठातलं सोडियम बाहेर टाकत होता, पाणी आपलं मागनं जात होतं. म्हणजे ती पोरगी बरोबर, आणि आपण सगळ्यांदेखत तिचा खाटीकखाना काढला! नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लावली असती तरी भागलं असतं. दोनदा लिहिली, दोनदा फाडली. चूक कबूल करायची म्हणजे त्या पोरीसमोर मान खाली घालायची, ते काही जमेना. एवढं बारीक कोण विचारतंय, असं मनाला समजावून ते गप्प बसले.

विचारलं. तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी पहिल्या पोरापासून तेच विचारलं. टेबलावर बकऱ्याच्या मूत्रपिंडाच्या पातळ चकत्या दोन बशांत ठेवल्या होत्या. एका बशीतल्या बर्फात थंड केलेल्या खारट पाण्यात, दुसरीतल्या तशाच पण ऊबदार पाण्यात प्राणवायू देऊन ठेवलेल्या. बर्फातल्या फुगून जड झाल्या होत्या. का, एवढंच सांगायचं होतं.

पहिला आला धुळा. विट्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, वर्गातला सगळ्यात कष्टाळू. "थंडीनं पंप बंद पडला सर. पाणी उपसायचं राहिलं."

"पंप पाणी उपसतो?"

"व्हय सर," धुळा छाती काढून म्हणाला.

दहापैकी दोन. शेजारी कॉलेजचे परीक्षक म्हणून हंबीररावच बसले होते. ते वर पंख्याकडं बघत राहिले. मग दुसरा आला, तिसरा आला. दुपारपर्यंत आठ जणांनी अगदी विश्वासानं विहिरीवरचं इंजिन चालवून दाखवलं आणि आठही जणांचे मार्क गेले. या विषयात नापास म्हणजे सहा महिने घरी. हंबीरराव दर वेळी मार्कांच्या कागदावर सही करत राहिले.

नववी परवीन. तिनं चकत्यांकडं पाहिलं, मग सरांकडं पाहिलं. खालच्या मानेनं म्हणाली, "पंप पाणी बाहेर काढतो."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून सगळे हेच म्हणतायत. कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही सर. माझीच समजूत तशी झाली."

हंबीररावांना वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. ज्या पोरीची आपण टिंगल केली, ती आपल्याला पाठीशी घालतेय. आणि आपण मिशीवर हात ठेवून बसलोय! ते उठले.

"मी शिकवलं. हिनं तवाच बरोबर विचारलं हुतं. मी हिला गप केलं."

परीक्षकांनी परवीनला शांतपणे विचारलं, "मग तुझं म्हणणं काय होतं?"

ती आधी चाचरली, मग बोलत गेली. "पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. सोडियम झिरपत आत येतच राहतं, पण आलं की पंप बाहेर टाकतो. म्हणजे आत प्रथिनं अडकलेली, तसं बाहेर सोडियम अडकवून ठेवल्यासारखं. दोन्हीकडची ओढ सारखी, म्हणून पाणी जागेवर राहतं. थंडीत पंप मंदावला की सोडियम आत साठतं, त्याच्याबरोबर मिठातलं क्लोराइड येतं, आणि मग प्रथिनांच्या ओढीला अडवायला बाहेर कुणी उरत नाही. पाणी शिरतं, पेशी फुगते."

"हे कुठं वाचलंस?"

"लायब्ररीत. त्याच दिवशी संध्याकाळी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

परवीननं एकदा सरांकडं पाहिलं. सरांसमोर सरांना खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. परीक्षकांनी दहापैकी दहा लिहिले आणि हंबीररावांकडं वळले. "बाकीचे आठ?"

"बाहेर व्हरांड्यात हायत."

"बोलवा. मी पुन्हा विचारतो. पण आधी त्यांना तुम्ही सांगा."

व्हरांड्यात पोरं घोळका करून उभी होती. धुळा खांबाला टेकून डोळे पुसत होता. हंबीररावांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. पंप मीठ काढतो, पाणी मिठामागं जातं, चूक माझी, तुमची न्हाई, आत चला. संपल्यावर त्यांना जरा हलकं वाटायला लागलं होतं.

धुळा खांबापासून पुढं आला. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"सर, मी आत उत्तर देत हुतो, तवा तुमाला म्हाईत हुतं?"

हंबीरराव म्हणाले, "व्हय. आठ दिसांपासनं."

कुणी हसलं नाही. पोरं एकेक करून त्यांच्या अंगावरनं आत गेली.