दोन संध्याकाळच्या गोळ्या

"नऊ वर्षांत एक गोळी चुकली नाही," असं आई छाती पुढे काढून सांगायची. लेकीला स्वतःची किडनी देऊन ती थांबली नव्हती. सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला ती गोळ्या लेकीच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत जागची हलायची नाही. मुलांच्या किडनी विभागात तिला सगळे ओळखायचे. थोडे घाबरायचेही.

म्हणून गेल्या तपासणीत लेकीच्या रक्तातली औषधाची पातळी निम्म्यावर आली, तेव्हा आईच्या पायाखालची जमीनच सरकली. पातळी उतरली की शरीर दुसऱ्याच्या किडनीवर उलटतं. त्यात लेक अठराची होत आलेली, तीन महिन्यांनी मोठ्यांच्या विभागात जायची.

"गोळ्या फेकल्यास ना गं?" पंधरा दिवस आईने तिला फैलावर घेतलं. लेक मिठाची गुळणी धरून बसली.

आज सिस्टर म्हणाली, "आधी ती एकटीच डॉक्टरांशी बोलेल. तुम्ही बाहेर बसा."

"एकटी? तिला गोळ्यांची नावं तरी येतात का?"

"तेच तर बघायचंय."

वीस मिनिटांत आईने भिंतीवरचा एकच तक्ता अकरा वेळा वाचला. मग तिला आत बोलावलं.

"परवाच्या रक्तात पातळी ठीक आहे, किडनीही व्यवस्थित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागची का उतरली, ते तिलाच तुम्हाला सांगायचंय."

"आई, त्या तपासणीच्या आधीच्या दोन संध्याकाळी तू तापाने फणफणली होतीस," लेक म्हणाली. "मी कपाट उघडलं. तीन पाकिटं, सगळी सारखीच. कुठली किती घ्यायची, मला माहीतच नव्हतं. एवढी मोठी घोडी झाले, आणि स्वतःची गोळी ठाऊक नाही! लाज वाटली. नाही उठवलं तुला. सकाळी तू विचारलंस, तर 'घेतली' म्हटलं."

"मग नंतर तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं, तर पुढच्या तापात तू झोपलीच नसतीस."

पंधरा दिवस पोरीने आईचे बोल मुकाट्याने खाल्ले होते, तिला काही न शिकवण्याची आईचीच चूक झाकायला.

"रक्त तपासायच्या दिवशी?" डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं.

"आधी रक्त, मग सकाळची गोळी."

"उलटी झाली तर?"

"इथे फोन. मनाने दुप्पट घ्यायची नाही. दुखण्यावरची गोळीही विचारल्याशिवाय नाही."

मग तिने या पंधरा दिवसांत पाठ केलेली सगळ्या गोळ्यांची नावं, ताकद आणि वेळा न अडखळता सांगितल्या. आई तोंडात बोट घालून बघत राहिली. ही पोर आपल्याच घरात, आपल्याच नाकाखाली एवढी मोठी कधी झाली? किडनी दिली तेव्हा लोकांनी आईला थोर म्हटलं होतं. आज तिला समोरची लेक थोर वाटली.

"आजपासून गोळ्या तिच्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आठवड्यातून एकदा फक्त विचारायचं. सगळं नीट बसलं, की मोठ्यांचे डॉक्टर इथेच येऊन तिला भेटतील."

सिस्टरने फाइल उघडली. "पातळी बिघडली तर फोन कुणाला?"

स्वतःचा नंबर आईच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात लेकीने आपला सांगितला. सिस्टरने जुना आकडा खोडून नवा लिहिला.

"आणि मला कोण सांगणार?" आईने हळूच विचारलं.

"मी सांगेन," लेक म्हणाली. "चुकलं तरी सांगेन."