घाम

केतकीला आरोग्य केंद्रात नोकरीला लागून चार महिने झाले होते. पाड्यापाड्यावरच्या आशा सेविका आपल्या वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवत आणि केतकी ते वाचून संगणकात भरत असे. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी अक्षरं ओळखत बसते, म्हणून विमल सिस्टर तिला 'आमची जंतूवाली' म्हणत.

वरच्या पाड्यावरच्या इंदूताई भांगरेंचं पान आलं. त्यांच्या पाड्यावर रेंज नव्हती. खिंडीत चढून आलं की फोटो सुटत. पाड्याकडे जाणाऱ्या नर्सबाई दोन महिन्यांपासून रजेवर होत्या, त्यामुळे तिकडची खबर म्हणजे हे पानच.

'यमुना घोडे. सातवा महिना. दूध घेते. पाय सुजले. घाम. तीन उशा लावून झोपते.'

केतकीनं नेहमीच्या सवयीनं 'घाम' टाइप केलं आणि बोटं थांबली.

"सिस्टर, घाम येतो म्हणून कुणी तीन उशा घेतं का?"

"एप्रिल आहे बाई. मला तर बसल्या बसल्या घाम फुटतोय." सिस्टर लसींच्या नोंदी लिहीत होत्या. "उशांचं काय, पोट वाढलं की बायकांना नीट झोपता येत नाही."

"एक उशी समजू शकते. तीन?"

केतकीनं फोटो मोठा केला. पहिलं अक्षर 'घ' होतं की 'ध'? इंदूताई अक्षरांवर रेघ ओढत नसत. वहीची छापील रेघच त्यांची शिरोरेघ, अक्षरं तिला लटकवलेली. त्यामुळे 'ध'वर जी रेघ तुटायला हवी ती तुटलेली दिसणारच नव्हती, कारण वहीची रेघ कुठेच तुटत नाही. उरला फक्त 'ध'च्या डोक्यावरचा छोटा, वळलेला आकडा.

अंदाज नको, तुलना करू, असं तिनं ठरवलं. जी अक्षरं नक्की माहीत होती ती पानावरच होती. 'घोडे' आडनाव नोंदवहीत होतं, म्हणजे तो नक्की 'घ'. 'दूध'मधला नक्की 'ध'. 'यमुना'तला 'म', 'पाय'मधला 'प'. चारही अक्षरं कापून तिनं एका ओळीत लावली आणि शेजारी तो शब्द ठेवला.

'घोडे'चा घ रेघेला सपाट चिकटला होता. 'दूध'च्या ध ला वर आत वळलेला बारीक आकडा होता. शब्दाच्या पहिल्या अक्षरालाही तोच आकडा. 'यमुना'च्या म ला डावीकडे खाली गाठ होती, 'पाय'च्या प ला नव्हती. शब्दाच्या शेवटच्या अक्षरालाही गाठ नव्हती.

घ नाही. म नाही.

धाप.

केतकीनं यमुनाच्या नोंदींची जुनी पानं उघडली. पंधरा दिवसांपूर्वी 'चढ चढल्यावर' आणि पुढे तोच शब्द. त्याआधी 'पाणी आणताना' आणि पुढे तोच. दोन्ही ठिकाणी तोच आकडा. आणि दोन्ही ठिकाणी, तिच्याच हातानं भरलेलं, 'घाम'.

"सिस्टर," ती म्हणाली, "धाप आहे. महिनाभर. आता तर आडवं झोपता येत नाहीये तिला."

सिस्टरांचा पेन थांबला. त्या उठून संगणकाच्या पडद्याजवळ आल्या, चार अक्षरं पाहिली, पुन्हा पाहिली. मग एकदम त्या दाराकडे वळून ओरडल्या, "अंबादास, गाडी काढ! ऑक्सिजन भरलेला घे!" आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

पाऊण तासाचा रस्ता. केतकी दोन तास व्हरांड्यात उभी होती. आतून कुणी चहाला हाक मारली ती तिला ऐकूच आली नाही.

गाडी आली तेव्हा यमुना स्ट्रेचरवर नव्हती. ती सीटवर ताठ बसली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून, ओठ निळसर. आडवं करू लागलं की जीव घाबरा होत होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून एकदा ऐकलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "हृदयाची झडप असावी. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, पण जाईल तिथवर. उद्यावर गेलं असतं तर सांगता आलं नसतं."

गाडी पुढे निघाली. यमुनाबरोबर गाडीतून आलेल्या इंदूताई मागं राहिल्या. पदरानं तोंड पुसत त्या केतकीसमोर आल्या.

"तीन येळा लिव्हलं व्हतं ना, ताई. घरचे तिला दवाखान्यात आणतोच म्हणत व्हते. मीच सांगितलं, थांबा, डॉक्टरानी वाचलं की गाडी धाडतील. मी रोज खिंडीत येऊन गाडीची वाट बघायची."

केतकीला नुसतं 'हो' म्हणून सुटता आलं असतं.

"मी घाम वाचलं, इंदूताई."

इंदूताईंनी पिशवीतून वही काढून पान उघडलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात, पहिलीच्या मुलीला शिकवावं तसं, म्हणाल्या,

"धा. प."