कोपऱ्यावरचे ०.२० व्होल्ट

टेबलावर एक सिग्नल जनरेटर, दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एक मिलिव्होल्टमीटर, चार तारा आणि लहर स्क्रीनवर दाखवणारा एक डिजिटल सीआरओ होता. सीआरओच्या दोन चॅनेलपैकी एकच चालू होतं, आणि बाहेरून ट्रिगर द्यायचं सॉकेट तुटलेलं होतं. स्टूल तीन. त्यातल्या एकावर अंजू बसली होती.

अंजू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि किन्हीराजाहून रोज वाशीमला यायची. मी प्रयोगशाळेत नवीन सहायक. विद्यापीठाच्या प्रदर्शनात विभागाचा एकच प्रकल्प जाणार होता आणि त्याचं नाव विभागप्रमुख वानखडे मॅडम पाच वाजता पाठवणार होत्या. अंजूचा प्रकल्प नाही जमला, तर कपाटातलं तयार सौर मॉडेल जाणार होतं.

तिचा दावा सोपा होता. सेकंदाला अडीचशे वेळा अधिक पाच आणि उणे पाच व्होल्ट होणारी चौकोनी लहर म्हणजे अनेक साइन लहरींची बेरीज: मूळ वारंवारता, मग तिची तिप्पट, पाचपट, सातपट. तिने पहिल्या पाच लहरी एकेक करून रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या सर्किटमधून पाठवल्या आणि कपॅसिटरवर किती उरल्या ते मोजलं. अख्खी चौकोनी लहर त्याच सर्किटमधून पाठवली की स्क्रीनवर जे दिसे, त्याच्याशी त्यांची बेरीज जुळायला हवी होती.

मॅडमनी आलेख पाहिला. "हे काय गं? तुझी टेकडी मधोमध, तीन पूर्णांक एक व्होल्टची. स्क्रीनवर मधोमध एक पूर्णांक शहात्तर, आणि लहर शेवटपर्यंत चढतेय, विळ्याच्या पात्यासारखी. कोण खोटं बोलतंय?"

"मीच, मॅडम," अंजू म्हणाली. "लहरी बारीक होतात ते धरलं, मागे पडतात ते नाही धरलं."

"मग फेज मोज, कोणती लहर किती मागे पडते ते."

"आधीची आणि नंतरची लहर शेजारी न ठेवता, एकाच चॅनेलवर?" मी विचारलं.

"सूत्रातून काढता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण मग मोजलं काय?" आणि त्या तासाला गेल्या.

तेव्हा साडेतीन वाजले होते. अंजूने वहीवर एक काटकोन त्रिकोण काढला. "ताई, कपॅसिटरवरचा व्होल्टेज पाया, रेझिस्टरवरचा उभा, जनरेटरचा कर्ण. दोन बाजू मोजल्या की कोन मिळते. तोच फेज. अन् कर्ण जमला नाई, तर मोजमाप चूक." मी हे पुस्तकात वाचलं होतं. मोजायला वापरायचं मला सुचलं नव्हतं.

पहिल्या लहरीला पाया ३.४२ आला. उभी बाजू मात्र ६.३७, म्हणजे थेट कर्णाएवढीच.

"त्रिकोणच होऊन नाई राह्यला," ती म्हणाली.

खिडकीशी तार सोलत बसलेले परिचर प्रेमसिंग हसले. "होईन कसा? मीटरची काळी क्लिप जनरेटरच्या जमिनीले, म्हंजे अर्थिंगले, जोडेल हाय. तू ते रेझिस्टर-कपॅसिटरच्या मधात लावली, कपॅसिटरले शॉर्ट केलं, अन् आता त्याले शोधून राह्यली."

"काका, मंग आधी काहून नाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठं?"

तिने रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जागा बदलल्या. करंट तोच, फक्त रेझिस्टर आता जमिनीकडे आला. उभी बाजू ५.३७. कर्ण ६.३७, जनरेटरएवढा. कोन साडेसत्तावन्न अंश.

पाचही त्रिकोण जमले. साडेचारला मॅडम आल्या. नवी बेरीज मधोमध १.७६ होती आणि विळ्यासारखी वळत होती. मॅडमनी स्क्रीनवरचा कर्सर चढ संपतो त्या शेवटच्या कोपऱ्यावर नेला. "इथे ३.८०. तुझे ३.६०. हे ०.२० कुठे गेले?"

"ते उरलेल्या लहरींपाशी आहेत, मॅडम. कोपरा टोकदार हाय, साइन लहर गोल. मधात वरच्या लहरी एकमेकीले कापतात, कोपऱ्यावर साऱ्या एकाच बाजूनं ओढतात. म्हणून तिथं बेरीज हळू भरते. अजून पाच घेतल्या, तर फरक निम्मा होईन."

"अंदाज?"

"हिशोब."

"लिहून सही कर. निम्मा झाला तर तुझं नाव पाठवते. नाही तर सौर मॉडेल."

तिने लिहिलं: ०.१०. सही केली, तारीख टाकली. मग अकरापट, तेरापट, पंधरापट. प्रत्येक लहरीसाठी दोनदा जागा बदलायची, तीन आकडे टिपायचे, कर्ण तपासायचा. एकोणीसपटीला कपॅसिटरवर जेमतेम अकरा मिलिव्होल्ट उरले होते. प्रेमसिंगनी न सांगता पंखा बंद केला आणि क्लिप हाताने धरून ठेवली. कर्ण जमला नाही म्हणून तिने सतरापट पुन्हा घेतली. कुणी घाई कर म्हटलं नाही.

पाचला चार मिनिटं होती. मी आकडे वाचले, मॅडमनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली.

स्क्रीनवर कोपरा: ३.८० व्होल्ट. दहा लहरींची बेरीज: ३.७० व्होल्ट. फरक: ०.१० व्होल्ट.