आमची धोतराची गिरणी

कापसाच्या व्यापाऱ्यानं कापड गिरणीचे शेअर नाही घ्यायचे तर कोणाचे घ्यायचे? देवळीच्या बाजारात मी नेसलेलं धोतर दाखवून सांगायचो, या गिरणीत आपली मालकी आहे.

शहाऐंशी साली कंपनीचा वार्षिक अहवाल आला. मी नेहमीसारखं लाभांशाचं तेवढं पाहिलं. बायको, कौशल्या, मात्र धंद्याची विभागवार माहिती वाचत बसली आणि पदराआड खुदखुदू लागली.

"काऊन हासून राह्यली?"

"कापडाची विक्री सगळ्यात मोठी, पण त्यात तोटा हाय. सारा नफा साबणाच्या विभागाचा. म्हंजे धोतर विकलं का तोटा, धुतलं का नफा."

मीही पोट धरून हसलो. मग बाजाराला निघालो, तर तिनं दारातच अडवलं.

"थांबा न जी. मालकच मळकं धोतर नेसून फिरला, तं कंपनी कशी चालंल?"