शोभेचं बटण

शिंप्याने कागद उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवली आणि पहिली ओळ तिसऱ्यांदा वाचली.

*येरवाळी आभाळात उलसा चंद्र, आई.*

ओळीतल्या दोन शब्दांवर तळटीपेच्या चांदण्या होत्या. खाली बारीक अक्षरात अर्थ दिले होते : येरवाळी म्हणजे लवकर, उलसा म्हणजे थोडासा. पुढच्या कडव्यांत अशाच आणखी चार चांदण्या.

"संपादकांना फार आवडली," मुलगा म्हणाला. तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला होता. "मातीचा वास येतो म्हणाले. उद्या छापायला जाते. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावी."

"हे शब्द कुठून आणलेस?"

"आईचेच आहेत. काही आठवत नव्हते, ते मावशीला फोन करून विचारले."

"म्हणजे यादी मागवलीस."

शिंप्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या माहेरचे ते शब्द तिच्याबरोबरच घरातून गेले होते. आता ते असे झिरमिळ्या लावून परत आलेले पाहून त्याचं डोकं सणकलं.

"तिने आभाळाला कधी येरवाळी म्हटलं?"

"कवितेत चालतं, बाबा."

"आभाळ जातं कुठे आणि परत येतं कुठे? ती माणसाला म्हणायची. घराबाहेर असलेल्या माणसाला." त्याने ओळीवर बोट टेकवलं. "इथे 'निळ्या' घाल. वाच."

"निळ्या आभाळात..."

"काय बिघडलं?"

मुलाने ओळ मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली. "काही नाही."

समोर खुंटीवर एक झबलं लटकत होतं. शिंप्याने त्याच्या खिशावरचं बटण चिमटीत धरलं. "हे बघ. बटण आहे, काज नाही. शोभेचं. काढलं तरी खिसा उघडा पडत नाही. पोरांच्या झबल्याला ठीक आहे. आईला कशाला लावलंस? जन्मभर साधी राहिली बाई, आणि ती मेल्यावर तू तिला नटवून लोकांपुढे उभी केलीस."

मुलाचा चेहरा उतरला. मग खिशातून पेन काढून त्याने विचारलं, "मग सांगा ना. कशी म्हणायची?"

"दुपारी डबा घेऊन यायची. डबा ठेवायची आणि निघताना त्या पायरीवर वळून म्हणायची, येरवाळी या."

"म्हणजे लवकर या."

"लवकर म्हणजे घाई. तिने कधी घाई केली नाही. उजेड आहे तोवर घरी या, एवढंच." शिंपी टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळू लागला. "मी म्हणायचो, लवकर म्हण. गिऱ्हाइकं हसतात."

"हसायची?"

"एखादा हसायचा. मलाच जास्त लाज वाटायची."

"मग?"

"मग काय. बंद केलं तिने."

मुलाने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला. शिंप्याने मशीन सुरू केलं आणि एक अख्खी बाही जोडली. मान वर केली तेव्हा कागद परत समोर आला होता. चांदण्या नव्हत्या. खाली अर्थ नव्हते. चंद्र, आभाळ, उलसा, सगळं गेलं होतं.

*डबा ठेवून ती पायरीवर वळायची,*
*म्हणायची, येरवाळी या.*
*बाबा एकदा म्हणाले, लवकर म्हण,*
*गिऱ्हाइकं हसतात.*
*मग ती नुसती वळायची.*

शिंप्याने शेवटच्या ओळीवर हात ठेवला, जणू कापडाची सुरकुती काढतोय.

"एकच शब्द ठेवलाय," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "अर्थ द्यायची गरज नाही, तो तुमच्या बोलण्यातून कळतो. आणि इथे दुसरा शब्द घालून पाहिला, तर काहीच उरत नाही. पण तुमची ओळ काढली, तर तोही परत शोभेचाच होतो." त्याने पेनाला टोपण लावलं. "दुकानात येणारे सगळे वाचतील, बाबा. नको असेल तर कविताच देत नाही."

रस्त्यावरून कोणी तरी हाक मारली, ब्लाउज झालं का म्हणून. शिंप्याने न बघताच उद्या असा हात केला. कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बोटाने चाचपलं.

ओळ खोडणार म्हणून मुलाने मान खाली घातली.

शिंप्याने फक्त 'एकदा म्हणाले' खोडलं. वर गिचमिड अक्षरात 'रोज म्हणायचे' लिहिलं.

"लय मोडेल तिथे," मुलगा म्हणाला.

"मोडू दे."

त्याने कागद परत दिला. मग पायरीकडे पाहिलं, बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मशीनवर झाकण टाकलं आणि किल्ल्या शोधू लागला.