गॅलरीतली हजेरी

सुखसदन सोसायटीच्या सभेला सचिव संजनाताई नव्हत्या. सिन्नरच्या कारखान्यात त्यांची दुसरी पाळी होती. म्हणून अध्यक्ष दीपकरावांनी स्वतः टिपणं काढली आणि सकाळी ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवली.

"रॅम्प. बरीच चर्चा. पार्किंग जातं. चारच पायऱ्या आहेत. विमलाबाई मध्येच. टाकीचं बघू. चहा गार."

खाली हुकूम: "संध्याकाळपर्यंत इतिवृत्त करा."

पाथर्डी फाट्यावरच्या या इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टआधी चार पायऱ्या आहेत. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई चाकाच्या खुर्चीवर आल्यापासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. रॅम्पचा खर्च त्यांचा मुलगा धम्मपाल करणार होता. हवी होती फक्त सभेची मंजुरी.

ताईंनी दीपकरावांना फोन लावला.

"हजर कोण कोण होतं?"

"नेहमीचेच."

"नेहमीचे चहाला की सह्यांना?"

"हुशार आहात, भरा ना नावं."

"आणि रॅम्पचा निर्णय?"

"सर्वानुमते नामंजूर."

"टिपणात नाही तसं. सूचक कोण? अनुमोदक?"

"वातावरणच तसं होतं हो."

वातावरणाची सही कुठे घेतात ते ताईंना माहीत नव्हतं. "बरं, नुसते ठराव लिहू की चर्चेसकट?"

"छान दिसेल तसं."

ताईंनी मसुदा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उपस्थिती: नोंद नाही. रॅम्प: चर्चा झाली, निर्णयाची नोंद नाही. हजर असलेल्यांनी नाव कळवावं. मत दिलं असल्यास तेही.

रोज पहाटे फुलांनी बहरणारा ग्रुप एकदम ओसाड झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या मयूरने लिहिलं, "मी चहापुरता होतो," आणि लगेच पुसलं. मग विमलाबाईंचा व्हॉइस मेसेज आला.

"मी होते बाई. सभा माझ्याच गॅलरीखाली भरली होती. हात वर करा असं कोणी म्हटलंच नाही. मला खाली यायचंय म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, वरून बोलू नका."

पाठोपाठ दीपकरावांचा फोन. "तो मसुदा काढा आधी. गॅलरी म्हणजे हजेरी नव्हे."

"मग असं लिहिते: सदस्या खाली येऊ शकल्या नाहीत. कारण, पायऱ्या."

"धम्मपालला नकाराचं पत्र द्यायचंय मला."

"नकार सभेचा हवा. तो कोणी दिला ते तुम्हालाच सांगता येईना. तुमच्या मनातलं मी लिहायचं आणि खाली सहीही माझी? जमणार नाही."

"मग नवीन सचिव बघावा लागेल."

"बघा ना. त्यालाही सभा लागेल. नोटीस मीच काढते."

तासाभरात नोटीस लागली. विषय एक: रॅम्प, हात वर करून मतदान. विषय दोन: सचिव बदलणे. स्थळ: विमलाबाईंचा हॉल.

दीपकराव नोटिशीखालीच भेटले. "वर कशाला? माझे गुडघे माहीत आहेत ना तुम्हाला?"

"लिफ्ट आहे की," ताई म्हणाल्या. "त्याआधी चारच पायऱ्या आहेत."